‘हार्डली’ पुढे आलं की ‘हॅड’ही पुढे

मागच्या भागात ‘नो सूनर’ पाहिलं. आज त्याच्या जोडीचं ‘हार्डली’. बारावीच्या वाक्यरूपांतरात मुलं अडखळतात, ती बहुधा या दोघांची सरमिसळ झाल्यामुळे.

हिंगोली स्टेशनवरचंच वाक्य घेऊ. तो पोहोचतो न पोहोचतो तोच अकोल्याची गाडी सुटली. प्रश्नात ते असं येईल: ‘ॲज सून ॲज ही रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट.’ लगेच ‘हार्डली’ पुढे ठेवायची घाई करू नका. आधी दोन घटनांतली पहिली कुठली ते ठरवा. पोहोचणं आधीचं, म्हणून तिथे ‘हॅड रीच्ड’. मग ‘हार्डली’ मधे घाला: ‘ही हॅड हार्डली रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट.’ हे वाक्य अगदी बरोबर आहे, कुठेही उलटापालट नाही. आता ‘हार्डली’ उचलून सुरुवातीला न्या. नकाराकडे झुकणारं क्रियाविशेषण असं पुढे आलं की इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: ‘हार्डली हॅड ही रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट.’

रचना प्रश्नासारखी दिसते, पण प्रश्न नाही, म्हणून शेवटी पूर्णविरामच. उलटापालट फक्त पहिल्या भागात होते. ‘व्हेन डिड द ट्रेन लीव्ह’ असं पुढचं वाक्यही उलटवणारी मुलं मी पाहिली आहेत. दुसरी नेहमीची चूक ‘हार्डली ही हॅड रीच्ड’. इथे शब्द पुढे आला, पण ‘हॅड’ जागचं हललं नाही. तिसरी ‘व्हेन’च्या जागी ‘दॅन’. ‘दॅन’ ‘नो सूनर’चं आहे, कारण ‘सूनर’ तुलनेचं रूप आहे. ‘हार्डली’त तुलना नाही. बोलण्यात ‘हार्डली… दॅन’ ऐकू येतं, पण उत्तरपत्रिकेत ‘व्हेन’च लिहा.

‘रेअरली’चा नियम तोच, पण तिथे एक जास्तीची पायरी असते. ‘द बस रेअरली कम्स ऑन टाइम’ या वाक्यात पुढे न्यायला सहायक क्रियापदच नाही. मग ‘डू’ मदतीला येतं: ‘रेअरली डज द बस कम ऑन टाइम.’ ‘कम्स’मधला ‘स’ ‘डज’ने घेतला, म्हणून मागे नुसतं ‘कम’ उरलं. ‘डज द बस कम्स’ लिहिलं की तोच प्रत्यय दोनदा लागतो. भूतकाळात ‘डिड… केम’ ही चूकही त्याच जातीची. ‘नेव्हर’च्या वाक्यात ‘हॅव’ आधीच असेल तर ‘डू’ लागत नाही. औंढ्याच्या महाशिवरात्रीची गर्दी पाहून म्हणता येईल, ‘नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड.’ अर्थात ही ठाशीव, लेखी भाषा झाली. रोजच्या बोलण्यात ‘आय हॅव नेव्हर सीन’ हेच शोभतं.

एक अपवाद मात्र नीट पाहावा लागतो. ‘हार्डली एनीवन केम’ या वाक्यात ‘हार्डली’ पहिलंच आहे, तरी उलटापालट होत नाही. इथे ते ‘एनीवन’ला चिकटलेलं आहे आणि दोघं मिळूनच कर्ता झाले आहेत. म्हणून ‘हार्डली डिड एनीवन कम’ असं करायला जाऊ नका.