काम संपलं, तरी निरोप येतच राहतात

वेबसाइट तयार होते, शेवटचा हप्ता जमा होतो. पंधरा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, ‘ताई, खोल्यांचे दर बदललेत, तेवढे टाकून द्याल का?’ काम दहा मिनिटांचं, म्हणून पैसे मागायला जीभ रेटत नाही. पण महिन्याच्या कराराचं, म्हणजे रिटेनरचं, बीज याच निरोपांत असतं.

समजा, पुण्यातल्या एका डिझायनरने कोकणातल्या होम-स्टेची वेबसाइट ६०,००० रुपयांत केली आणि त्याला ७५ तास लागले. म्हणजे तिचा तासाचा दर ८०० रुपये. पुढच्या सहा महिन्यांतले निरोप उघडून तिने प्रत्येक कामापुढे लागलेला वेळ मांडला, तर बेरीज ३६ तास भरली. दिवाळीच्या महिन्यात दहा, एरवी कधी तीनच. सरासरी सहा तास. ही यादीच प्रस्तावाचं पहिलं पान. मालकांना आपलीच कामं त्यात दिसतात आणि ‘कशाचे पैसे?’ हा प्रश्न उरत नाही.

सहा तासांचे ४,८०० रुपये होतात. ‘दर महिन्याला देणार, तर कमी करा,’ असं मालक म्हणणारच. पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ मिळणार असतील, तर ४,५०० रास्त आहेत. तीन हजारांवर उतरणं मात्र दोघांच्याही तोट्याचं. तासाचा दर ५०० वर आला की नवं काम मिळताच हा ग्राहक मागे पडतो. उत्तरं उशिरा जायला लागतात आणि ऐन मे महिन्यात बुकिंगचा फॉर्म बंद पडलेला राहतो.

कामाची हद्द साध्या भाषेत लिहावी. दर आणि फोटो बदलणं, सणासुदीच्या ऑफर टाकणं, फॉर्म तपासणं आणि बॅकअप घेणं करारात. नवी पानं, फोटोग्राफी, होस्टिंगचं भाडं आणि जाहिरातींचा खर्च वेगळा.

सगळ्यात जास्त वाद होतो तो न वापरलेल्या तासांवरून. पावसाळ्यात पाहुणे कमी, कामही कमी. ते तास साठत गेले, तर दिवाळीच्या तोंडावर वीस तासांचं काम एकदम अंगावर येतं. म्हणून उरलेले तास फक्त पुढच्या महिन्यापर्यंत चालतील, असं ठरवावं. जादा तासांना ८०० रुपये, तेही आधी विचारून. महिनाअखेरीस झालेली कामं आणि लागलेला वेळ चार ओळींत कळवावा, नाहीतर शांत महिन्यात मालकांना वाटतं, या महिन्यात काहीच झालं नाही.

पहिला करार तीनच महिन्यांचा असावा. त्या काळात दर महिन्याला नऊ तास लागत असतील, तर शुल्क वाढवून मागावं. तीनच लागत असतील, तर डिझायनरने स्वतःहून कमी करावं. थांबायचं झालं तर कोणीही ३० दिवस आधी सांगावं आणि सगळे पासवर्ड मालकांच्या हाती द्यावेत, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असावं.