महिनाभराच्या सुट्टीचा व्हिडिओ

यूट्यूबवर ठरलेल्या वारी व्हिडिओ टाकणारा चॅनलचालक महिनाभर थांबणार असेल, तर जाण्याआधी तो एक छोटा व्हिडिओ करून तसं सांगतो. शेवटचा नेहमीचा व्हिडिओ कोणता, पुढचा केव्हा येणार आणि परतल्यावर काय वेगळं असेल, एवढं प्रेक्षकाला त्यातून कळायला हवं. सुट्टीचं कारण सांगणं ऐच्छिक आहे. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर एक वाक्य पुरतं; जास्त तपशील दिला की पुढचे कित्येक दिवस प्रतिक्रियांमध्ये त्याचीच चर्चा चालते आणि तारीख मागे पडते.

अशा सुट्टीचं गाजलेलं उदाहरण म्हणजे स्वीडनचा फेलिक्स शेलबर्ग, म्हणजेच प्युडीपाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या सदस्यांची संख्या दहा कोटींवर गेली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्याने थकवा आल्याचं सांगून पुढच्या वर्षी थांबणार असल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात तो जानेवारी २०२० च्या मध्यापासून थांबला आणि २१ फेब्रुवारीला परतला. घोषणा आणि सुट्टी यांच्यामध्ये काही आठवडे गेल्यामुळे प्रेक्षकांना ती आधीच ठाऊक झाली होती. जो प्रेक्षक महिन्यातून दोनदाच चॅनलवर येतो, त्याच्यापर्यंत बातमी पोहोचायला एवढा अवधी लागतोच.

लहान चॅनलला मात्र नेमकी तारीख सांगणं जास्त उपयोगी पडतं. समजा, पाककृतींचं एक मराठी चॅनल दर शुक्रवारी संध्याकाळी व्हिडिओ टाकतं. १ मेच्या शुक्रवारी शेवटची पाककृती येईल, पुढचे चार शुक्रवार काही येणार नाही आणि ५ जूनला पावसाळी पदार्थांची मालिका सुरू होईल, हे सांगायला मिनिटभरही लागत नाही. परतल्यावर आठवड्याऐवजी पंधरवड्याने व्हिडिओ येणार असतील, तर तेही याच वेळी सांगावं. आधी कल्पना नसेल, तर १२ जूनचा रिकामा शुक्रवार पाहून चॅनल पुन्हा बंद पडलं असं लोकांना वाटतं.

सांगितलेली तारीख पाळण्याचा भरवशाचा मार्ग असा, की ५ जूनचा व्हिडिओ एप्रिलमध्येच चित्रित करून, संकलन करून यूट्यूब स्टुडिओत चढवून ठेवायचा आणि त्याला तारीख-वेळ लावून द्यायची. तोवर तो खासगी राहतो आणि ठरल्या वेळी आपोआप प्रसिद्ध होतो. परतल्यावर कॅमेरा लावू, असं म्हणणाऱ्याचा पहिला आठवडा साचलेल्या कामांतच जातो, आणि हुकलेली तारीख प्रेक्षक सुट्टीपेक्षा जास्त लक्षात ठेवतात.

‘जॉइन’ बटणावरून दरमहा पैसे देणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. त्यांच्या खात्यातून रक्कम जात राहणार, पण नवं काही येणार नाही. चालकाला हे सदस्यत्व तात्पुरतं थांबवता येतं, मग आकारणीही थांबते. ते थांबवणार की त्या महिन्यात त्यांना दुसरं काही देणार, हे संदेशात स्पष्ट सांगायलाच हवं. पैसे देणाऱ्याला हे बँकेच्या मेसेजवरून कळणं अन्यायाचं आहे.

महिनाभर थांबल्याने चॅनलची जाहिरातींची पात्रता जात नाही. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ काहीच न टाकणाऱ्या चॅनलची कमाई यूट्यूब बंद करू शकतं. त्यापुढे एक महिना काहीच नाही. जुने व्हिडिओ पाहिले जातात, तसे त्यांचे पैसेही मिळत राहतात. फक्त एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखांच्या दरम्यान दिली जाते. त्यामुळे मेमधली घट चालकाच्या खात्यात जूनच्या अखेरीस दिसते, तो परतून काम करत असतानाच. नव्या मालिकेला प्रतिसाद नाही, असा चुकीचा अर्थ इथेच काढला जातो.

परतल्यावर साठलेले पाच-सहा व्हिडिओ एकाच दिवशी टाकण्याचा मोह होतो. पण एका चॅनलच्या नव्या व्हिडिओंच्या जास्तीत जास्त तीनच सूचना यूट्यूब चोवीस तासांत एका प्रेक्षकाला पाठवतं, आणि त्याही घंटीवर ‘ऑल’ निवडलेल्यांनाच. म्हणून एकच व्हिडिओ टाकून आठवडाभर वाट पाहणं बरं. सुट्टीचा संदेश चॅनलच्या पहिल्या पानावर ठळक लावला असेल, तर तो त्याच दिवशी काढावा. नाहीतर जूनमध्ये आलेल्या नव्या माणसाला चॅनल अजून बंदच वाटतं.

प्रतिसाद मोजताना पहिल्या व्हिडिओची तुलना एखाद्या गाजलेल्या व्हिडिओशी करू नये. एप्रिलमधल्या चार साध्या शुक्रवारांशी करावी, आणि स्टुडिओच्या आकडेवारीत जुने प्रेक्षक किती परतले ते वेगळं पाहावं. ते परतले आहेत पण नवे कमी आहेत, तर संदेशाने आपलं काम केलं आहे. नव्या प्रेक्षकांचा प्रश्न विषयाचा आणि शीर्षकाचा असतो. जुनेच आले नाहीत, तर संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचला होता का, हे त्या व्हिडिओच्या पाहणाऱ्यांच्या संख्येवरून तपासता येतं.