वेग वाढला, पाय मागे राहिले

द्विमितीय व्हिडिओ गेममधले पात्र चालताना दिसते, तेव्हा पडद्यावर दोन वेगळी कामे एकाच वेळी चाललेली असतात. एक काम पात्राची जागा पुढे सरकवण्याचे, आणि दुसरे पाय उचलल्याची, टेकल्याची चित्रे एकामागून एक बदलण्याचे. या चित्रांच्या संचाला स्प्राइट ॲनिमेशन म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक चित्राला फ्रेम. जागा किती सरकवायची हे खेळाचे गणित ठरवते, चित्रे कधी बदलायची हे ॲनिमेशनचे घड्याळ ठरवते. या दोघांची ओळख कुणी करून दिली नाही, तर ती आपापल्या चालीने चालत राहतात.

एरवी हे लक्षात येत नाही, कारण चित्रकार आणि प्रोग्रॅमर पात्राचा नेहमीचा वेग धरूनच चाल जुळवून घेतात. पात्राने वेग वाढवणारे औषध प्यायले, किंवा त्याला विषारी काटा लागून चाल मंदावली, की जुळणी मोडते. खेळाडूंच्या भाषेत अशा तात्पुरत्या वाढीला बफ आणि घटीला डीबफ म्हणतात. बफ लागताच पात्र झपाट्याने पुढे जाते, पण पाय आधीच्याच संथ लयीत हलतात आणि बर्फावरून घसरल्यासारखे दिसते. डीबफमध्ये उलटे होते. पाय भराभर हलतात आणि पात्र जागचे हलता हलत नाही.

एक उदाहरण आकड्यांसह घेतले की बिघाड नेमका कुठे आहे ते दिसते. पात्राचा नेहमीचा वेग सेकंदाला १२० पिक्सेल आहे. चालीची ८ चित्रे आहेत आणि ती सेकंदाला १२ या गतीने बदलतात. म्हणजे डावा आणि उजवा अशी दोन पावले मिळून होणारे एक पूर्ण आवर्तन दोन तृतीयांश सेकंदात संपते आणि तेवढ्या वेळात पात्र ८० पिक्सेल पुढे जाते. एका चित्रामागे १० पिक्सेल. चित्रकाराने टेकलेला पाय प्रत्येक चित्रात शरीराच्या मानाने बरोबर १० पिक्सेल मागे काढलेला असतो. शरीर १० पुढे, पाय १० मागे, म्हणून पाऊल जमिनीवर एका जागी रोवल्यासारखे दिसते. चालण्याचा सगळा भास या बरोबरीवर उभा आहे.

आता दीडपट वेग देणारे औषध येते. वेग १८० होतो, पण चित्रे १२च्याच गतीने बदलत राहिली तर एका आवर्तनात पात्र १२० पिक्सेल जाते. पायांनी ८० पिक्सेलांचाच हिशेब दिलेला असतो, उरलेले ४० पिक्सेल पाऊल जमिनीवरून घसरते. विषाने वेग निम्म्यावर, म्हणजे ६० वर आणला, तर आवर्तनात ४० पिक्सेल अंतर कापले जाते आणि पाय ८० पिक्सेलांची मेहनत करतात.

मूकपटांशी तुलना केली तर हा दोष अधिक स्पष्ट होतो. हाताने हँडल फिरवून सेकंदाला साधारण १६ चित्रांनी टिपलेला जुना मूकपट पुढच्या काळातल्या २४ चित्रांच्या यंत्रावर दाखवला, की माणसे दीडपट वेगाने लगबग करताना दिसतात. पण त्यांचे पाय घसरत नाहीत, कारण त्या चित्रात पाय आणि जमीन दोन्ही एकाच फिल्मवर आहेत. गेममध्ये पाय एका घड्याळावर आणि जमीन दुसऱ्यावर असते. गेमचा पात्रपट बिघडतो तो या दुहेरी घड्याळामुळे.

उपाय एका भागाकारात आहे. प्रत्यक्ष वेगाला मूळ वेगाने भागले की गुणक मिळतो, आणि चित्रे बदलण्याच्या गतीला त्याने गुणायचे. १८० भागिले १२० म्हणजे १.५. १२ गुणिले १.५ म्हणजे सेकंदाला १८ चित्रे. १८० पिक्सेलांत १८ चित्रे, पुन्हा एका चित्रामागे १० पिक्सेल. पाऊल रोवले गेले. गोडो या मुक्त गेम इंजिनमध्ये या गुणकासाठी `speed_scale` हा गुणधर्म तयारच असतो:

```gdscript
const BASE_SPEED := 120.0

func _physics_process(_delta):
	move_and_slide()
	var v := get_real_velocity().length()
	if v < 5.0:
		sprite.play("idle")
		sprite.speed_scale = 1.0
	else:
		sprite.play("walk")
		sprite.speed_scale = clampf(v / BASE_SPEED, 0.6, 1.8)
```

या छोट्या तुकड्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यात औषधाचा किंवा विषाचा उल्लेखच नाही. गुणक बफकडून येत नाही, प्रत्यक्ष वेगाकडून येतो. बहुतेक चुका नेमक्या इथे होतात. औषध लागले की `speed_scale` ला १.५ ने गुणायचे आणि संपले की १.५ ने भागायचे, ही पद्धत पहिल्या चाचणीत निर्दोष वाटते. मग एखादा खेळाडू पहिले औषध उतरायच्या आत दुसरे पितो. खेळाचा नियम असा असतो की दुसऱ्या औषधाने वेग आणखी वाढत नाही, फक्त मुदत वाढते. पण गुणाकार दोनदा होऊन गुणक २.२५ वर जातो, आणि औषध एकदाच उतरत असल्याने भागाकारही एकदाच होतो. वेग १२० वर परत येतो, पाय मात्र पुढचा सगळा खेळ दीडपट गतीने हलत राहतात.

भागण्याऐवजी औषध संपताच गुणक सरळ १ करून टाकणे हाही तोडगा वाटतो, पण त्याची फजिती वेगळी. पात्र औषधाच्या अमलात असतानाच कोळ्याच्या जाळ्यात शिरले आणि वेग निम्मा झाला, तर १२० गुणिले १.५ गुणिले ०.५ म्हणजे ९० उरतो. औषध आधी संपते, जाळे अजून आहे. वेग ६० होतो, गुणक ०.५ हवा असतो, आणि तो १ करून ठेवलेला असतो. दर वेळी प्रत्यक्ष वेगावरून गुणक नव्याने काढला, तर किती बफ कोणत्या क्रमाने लागले आणि उतरले याची नोंद ॲनिमेशनला ठेवावीच लागत नाही. भिंतीला धडकून थांबलेले पात्रही जागच्या जागी पाय मारत बसत नाही. `get_real_velocity()` हे पात्र खरोखर किती हलले ते सांगते, बटण किती जोरात दाबले ते नाही. अपवाद धक्क्याचा. शत्रूच्या फटक्याने मागे फेकलेल्या पात्राचा वेग पायांमुळे आलेला नसतो, म्हणून तेवढा वेळ चालीचे ॲनिमेशन बंद ठेवून धक्का खाल्ल्याचे चित्र दाखवावे लागते.

युनिटी या इंजिनमध्ये हीच जोडणी ॲनिमेटरच्या खिडकीतून होते. चालीची स्थिती निवडली की तिच्या `Speed` या खान्याखाली `Multiplier` असते. त्याच्या शेजारच्या `Parameter` या चौकटीत खूण केली की एखादी दशांश संख्या गुणक म्हणून जोडता येते. अशा संख्येची सुरुवातीची किंमत ० असते. जोडणी केली आणि कोडमधून किंमत द्यायची राहिली, तर शून्याने गुणले जाऊन पात्र चालीच्या पहिल्याच चित्रावर गोठते आणि ताठ उभे राहून सरकते. चित्रे बदलणे पूर्ण थांबले असेल, तर आधी हा शून्य तपासावा.

याच इंजिनमध्ये `animator.speed` हा सोपा मार्गही आहे आणि घाईत तोच पकडला जातो. पण तो फक्त चालीला नव्हे, त्या पात्राच्या सगळ्या ॲनिमेशनांना लागू होतो. तलवारीचा वार ६ चित्रांचा, सेकंदाला १२ च्या गतीचा, आणि इजा चौथ्या चित्रावर होते असे धरले, तर वार सुरू झाल्यापासून पाव सेकंदाने तो लागतो. गुणक १.५ झाला की तो एक षष्ठांश सेकंदात लागतो. चालण्यासाठी प्यायलेल्या औषधाने तलवारही वेगवान झाली. पाय सुधारले, पण लढाईचा तोल कुणी न ठरवता बदलला. म्हणून गुणक चालीच्या स्थितीपुरताच जोडायचा. गोडोमध्ये `speed_scale` त्या स्प्राइटच्या सगळ्या ॲनिमेशनांना लागतो. म्हणूनच वरच्या कोडमध्ये उभे राहताना तो आठवणीने १ केला आहे, आणि वाराच्या वेळीही तसेच करावे लागते.

गुणकाला मर्यादा घालण्याचे कारण पडद्यात आहे. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. गुणक ३ झाला तर सेकंदाला ३६ चित्रे लागतात, म्हणजे काही चित्रे पडद्यावर एकदा दिसतात तर काही दोनदा, आणि चाल थरथरते. गुणक ६ ला ७२ चित्रे हवीत, तेव्हा काही चित्रे दिसतच नाहीत. खालच्या बाजूचे दुखणे निराळे आहे. एका चित्रामागे १० पिक्सेल हे प्रमाण कोणत्याही वेगाला कायम असते, त्यामुळे एका चित्राच्या मुक्कामात पाऊल १० पिक्सेल पुढे सरकते आणि पुढच्या चित्रासरशी परत जागेवर येते. सेकंदाला १२ चित्रे असताना डोळा हे माफ करतो. ६ चित्रांवर तीच सरक आणि उडी उघड दिसते.

मात्र मर्यादा घातली की तिच्यापलीकडे घसरणे परत येते. १.८ ही वरची मर्यादा म्हणजे सेकंदाला २१६ पिक्सेल. त्याहून जास्त वेग द्यायचा असेल तर लांब पावलांची धाव वेगळी काढावी लागते. ८ चित्रांत १६० पिक्सेल कापणारी धाव १२ च्या गतीने २४० पिक्सेलांच्या वेगाला जुळते. तिच्यासाठी भाजकही २४० घ्यायचा. तो १२० च राहिला तर धावतानाचे पाय दुप्पट गतीने फिरतात. चाल आणि धाव यांची अदलाबदल एकाच आकड्यावर ठेवू नये. २०० ओलांडल्यावर धाव आणि १८० खाली आल्यावर चाल असे अंतर ठेवले, तर वेग सीमेवर रेंगाळताना पात्र दोन चालींत फडफडत नाही. विषाने जखडलेल्या पात्रासाठीही गुणक ताणण्यापेक्षा आखूड पावलांची लंगडी चाल काढलेली बरी.

जुळणी साधली की नाही हे नुसत्या नजरेने सांगणे अवघड असते. जमिनीवर १० पिक्सेलांच्या चौकटी आखाव्यात, पडद्याचे चित्रीकरण करावे आणि ते एकेक चित्र पुढे ढकलत पाहावे. पाय टेकल्यापासून उचलेपर्यंत चार चित्रे जातात. प्रत्येक नवे चित्र येताच टाच त्याच चौकटीत दिसली तर गुणक बरोबर आहे. दर चित्रागणिक पुढे जात असेल तर तो कमी पडतो आणि मागे जात असेल तर जास्त होतो. ही तपासणी औषधासह, विषासह, दोन्ही एकत्र असताना आणि दोन्ही उतरल्यानंतर अशी चार वेळा करावी. चौथी सहसा राहून जाते, आणि दोनदा प्यायलेल्या औषधाची चूक तिच्यातच सापडते.