‘औषध मारलं’ इंग्रजीत कसं लिहायचं?

मागच्या भागानंतर काही जणांनी विचारलं होतं, की मराठीत लिहिलेला शोधलेख परदेशी जर्नलला पाठवायचा तर नेमकं काय करावं लागतं? माझ्याच लेखाचं सांगते. विषय यवतमाळचा, कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांना होणारी विषबाधा. २०१७ च्या हंगामात इथे शेकडो जण दवाखान्यात गेले, काही दगावलेही. तेव्हापासून हा विषय डोक्यात होता.

मुलाखती मराठीतच झाल्या, म्हणून पहिला मसुदाही मराठीत. इंग्रजी करायला बसले आणि पहिल्याच शब्दावर अडले: औषध. आपल्याकडे शेतात कीटकनाशक कुणी म्हणत नाही, ‘औषध मारलं’ म्हणतात. तापाची गोळीही औषधच. आणि ‘त्यानं औषध घेतलं’ असं गावात हळू आवाजात सांगितलं, तर त्याचा अर्थ आत्महत्येचा प्रयत्न. एका शब्दाचे तीन अर्थ! पहिल्या भाषांतरात मी सगळीकडे ‘पेस्टिसाइड पॉयझनिंग’ लिहून मोकळी झाले. तिथेच घोळ होता. बाहेरचा वाचक पॉयझनिंग वाचून आधी विचारतो, हे जाणूनबुजून की अपघातानं? आमचे सगळे लोक काम करताना बाधित झाले होते. ते न सांगता लेख गेला असता, तर शेतमजुराच्या कामातला धोका आत्महत्यांच्या आकड्यांत हरवला असता. मग ‘कामादरम्यान, हेतूविना झालेली विषबाधा’ असा शब्दप्रयोग शीर्षकातच घेतला. ‘औषध घेतलं’ असे जे दोन उल्लेख मुलाखतीत ओझरते आले होते, ते वेगळे काढले.

दुसरी अडचण लेबलची. डब्यावरच्या चौकोनात खालचा त्रिकोण लाल असेल तर आपल्याकडे ते सर्वात विषारी गटातलं. मी त्याचं शब्दशः इंग्रजी केलं: ‘एक्स्ट्रीमली’. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ‘एक्स्ट्रीमली हॅझार्डस’ हा स्वतंत्र गट आहे, १ए. मोनोक्रोटोफॉसचा डबा आपल्याकडे लाल, पण त्या यादीत ते १बी मध्ये, म्हणजे एक पायरी खाली. कारण साधं आहे. भारतीय लाल गटाची तोंडावाटे घातक मात्रेची मर्यादा ५० मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत जाते, तर त्यांचा १ए गट ५ च्या आतच संपतो. म्हणून भाषांतर सोडलं आणि दोन्ही वर्गीकरणं शेजारी शेजारी दिली. दुकानात चालणारं ब्रँडचं नावही काढलं, त्याजागी घटकाचं सर्वमान्य नाव आणि टक्केवारी. मजूर ब्रँडच सांगतात, त्यामुळे त्यासाठी रिकाम्या डब्यांचे फोटो आधीच काढून ठेवलेले कामी आले. नसते काढले तर तो तक्ता अर्धाच राहिला असता.

आता ‘चक्कर’. ‘चक्कर आली’ म्हणजे डोकं गरगरलं, की माणूस भोवळ येऊन पडला? मराठीत दोन्ही चालतं, डॉक्टरांच्या इंग्रजीत ती दोन वेगळी लक्षणं. माझ्या मराठी मसुद्यात एक वाक्य होतं: ‘सालगड्याला औषधानं चक्कर आली.’ रेकॉर्डिंग परत ऐकलं तेव्हा तो पुढे म्हणतो, ‘मग धुऱ्यावर बसलो.’ म्हणजे पडला नव्हता. मग इंग्रजीत ‘डिझिनेस’ लिहिलं. जिथे रेकॉर्डिंगवरून कळेना, तिथे लक्षण ‘अस्पष्ट’ म्हणून वेगळं मोजलं.

हे सगळं झाल्यावर भाषा-संपादनाला दिलं. संपादकानं वाक्यं सुंदर केली, पण त्याच वाक्यातल्या ‘सालगडी’ला ‘पर्मनंट वर्कर’ केलं! सालगडी पाडव्याला वर्षभराच्या बोलीवर लागतो, दुसऱ्या पाडव्याला सुटू शकतो. त्याला कायम नोकरदार म्हटलं की वाचकाला वाटणार, याला रजा, विमा, हातमोजे मिळत असतील. मी शब्द तसाच ठेवला, पहिल्यांदा येतो तिथे एका ओळीत अर्थ दिला. म्हणून माझा नियम असा की संपादकानं केलेले बदल ‘ट्रॅक चेंजेस’मध्येच मागायचे, एकदम ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबायचं नाही.

शेवटी उलट भाषांतर. मूळ मराठी न पाहिलेल्या मैत्रिणीला इंग्रजी प्रश्नावली दिली आणि म्हटलं, मराठीत कर. तिनं ‘औषध’च्या जागी ‘कीटकनाशक’ लिहिलं, ते चाललं. पण ‘संरक्षक कपडे घातले होते का’ याचं तिनं ‘सूट’ केलं. मजुरांना आम्ही विचारलं होतं, ‘तोंडाला काही बांधलं होतं का?’ बहुतेकांचं उत्तर होतं: दुपट्टा. इंग्रजी प्रश्न बदलला, तोंडापुरताच केला, आणि तक्त्यात ‘मास्क’ऐवजी ‘कापड’ आलं.

आणि हो, भाषा तपासणाऱ्याचं नाव आभारात द्यायचं, लेखकांत नाही. तुमचा लेख आधी मराठी मासिकात छापला असेल, तर तेही पाठवतानाच पत्रात लिहा आणि दोन्ही संपादकांची परवानगी घ्या, नाहीतर तो दुबार छपाई धरला जातो.