हवेत उलटणारे पुस्तक

घरातले कुठलेही साधे, डेमी आकाराचे पुस्तक घ्या. साधारण २१ सेंटिमीटर लांब, १४ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड. ते हवेत उघडू नये म्हणून त्याला रबरबँड लावा. मुखपृष्ठ वर आणि पुस्तकाची पाठ डाव्या हाताला, असे पुस्तक समोर आडवे धरा. जवळची, म्हणजे खालची आखूड कड दोन्ही हातांत पकडा. आता ते थोडे वर उडवा, पण उडवताना अशी गिरकी द्या की लांबची कड वर येऊन तुमच्याकडे वळेल आणि एक पूर्ण फेरी झाल्यावर तीच जवळची कड पुन्हा हातात येईल. झेल घ्या आणि पाहा. बहुतेक वेळा कड बरोबर हातात येते, पण मलपृष्ठ वर असते आणि पुस्तकाची पाठ डावीकडून उजवीकडे गेलेली असते. तुम्ही दिलेल्या गिरकीच्या जोडीला पुस्तकाने स्वतःची एक कोलांटी घेतलेली असते. ती घ्यायला तुम्ही सांगितलेले नव्हते.

टेनिसच्या रॅकेटचेही असेच होते. जाळीची एक बाजू वर ठेवून मुठीकडून कोलांटी दिली, तर मूठ हातात परत येते आणि जाळीची दुसरी बाजू वर असते. म्हणून या गुणधर्माला टेनिस रॅकेटचे प्रमेय असेही म्हणतात.

पहिला संशय आपल्या हातावर जातो. गिरकी थोडी तिरकी बसली असेल. तसे असेल, तर तेच पुस्तक बाकीच्या दोन प्रकारे फिरवून पाहा. पुस्तक सपाट ठेवून मुखपृष्ठाला काटकोनात असलेल्या आसेभोवती फिरवले, तर ते सरळ फिरते. पाठीला समांतर असलेल्या लांब आसेभोवती फिरवले, तरी सरळच फिरते. हात तोच, चूक तेवढीच, पण उलटते ते फक्त तिसऱ्या आसेभोवती. म्हणजे हाताच्या चुकीने कोलांटी सुरू होते एवढेच. ती का होते, याचे कारण पुस्तकाच्या आकारातच आहे.

एखादी वस्तू फिरवायला किती जड जाते, हे तिच्या वजनावर अवलंबून असतेच, पण ते वजन आसेपासून किती लांब पसरले आहे यावरही असते. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. आपल्या पुस्तकाचे गणित अगदी सोपे आहे. एखाद्या आसेचे आघूर्ण काढायचे, तर त्या आसेला काटकोनात असलेल्या दोन मापांच्या वर्गांची बेरीज करायची. लांब आसेसाठी ती १४ आणि २ यांची, म्हणजे २००. आखूड कडेला समांतर असलेल्या आसेसाठी २१ आणि २ यांची, म्हणजे ४४५. मुखपृष्ठाला काटकोनात असलेल्या आसेसाठी २१ आणि १४ यांची, म्हणजे ६३७. खरे आघूर्ण काढायला या सगळ्यांना वजनाच्या एका ठरावीक हिश्श्याने गुणावे लागते, पण तुलनेसाठी एवढे पुरे. पुस्तक उलटते ते ४४५ च्या आसेभोवती, म्हणजे मधल्या आसेभोवती. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी या दोन्ही आसा सुरक्षित, मधली मात्र बेभरवशाची.

मधलीच का, हे समजायला एक गोष्ट धरून ठेवावी लागते. हातातून सुटलेल्या पुस्तकाला हवेत कोणी वळवत नाही. त्यामुळे दोन राशी बदलू शकत नाहीत. एक म्हणजे फिरण्याची ऊर्जा आणि दुसरी कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण जोर आणि त्याची अवकाशातली दिशा. पुस्तक काहीही करो, या दोन्ही अटी त्याला प्रत्येक क्षणी पाळाव्या लागतात.

आता पुस्तकाभोवती एक गोल आहे आणि तो पुस्तकाला चिकटलेला आहे असे समजा. कोनीय संवेगाची दिशा अवकाशात पक्की असते. ती या गोलाला जिथे छेदते, तिथे एक ठिपका द्या. पुस्तक डोलले की ठिपका गोलावर सरकतो. संवेग तेवढाच ठेवून ठिपका प्रत्येक जागी असताना किती ऊर्जा लागेल, ते त्या जागेची उंची म्हणून मांडले, की गोलावर डोंगराळ मुलुखाचा नकाशा तयार होतो. ठरावीक संवेगासाठी सर्वांत लहान आघूर्णाच्या आसेभोवती फिरायला सर्वांत जास्त ऊर्जा लागते, म्हणून तिच्या दोन टोकांना दोन शिखरे येतात. सर्वांत मोठ्या आघूर्णाच्या आसेला सर्वांत कमी ऊर्जा लागते, म्हणून तिच्या टोकांना दोन खोलगट दऱ्या येतात. मधल्या आसेच्या दोन टोकांना खिंडी येतात. खिंडीच्या दोन बाजूंना चढ असतो आणि दोन बाजूंना उतार.

ऊर्जा बदलत नाही, याचा अर्थ ठिपका चढू किंवा उतरू शकत नाही. त्याला फक्त समोच्च रेषेवरून चालता येते. शाळेच्या भूगोलातल्या नकाशावर पाहिलेली शिखराची समोच्च रेषा आठवा. माथ्यावर ती बिंदूएवढी होते आणि माथ्याजवळ तिची लहानशी कडी होते. शिखराजवळ सोडलेला ठिपका त्या कडीवरच फिरत राहतो, म्हणजे पुस्तक जरासे डोलते एवढेच. दरीच्या तळाशीही तेच. खिंडीत मात्र समोच्च रेषा एकमेकींना छेदतात आणि बाहेर निघून जातात. खिंडीच्या अगदी मधोमध, केसभरही न ढळता ठिपका ठेवला, तरच तो तिथे थांबेल. जरा बाजूला पडला, की त्याच्या उंचीची रेषा त्याला खिंडीतून बाहेर काढते आणि गोलाला वळसा घालून समोरच्या खिंडीपाशी नेते. समोरची खिंड म्हणजे त्याच मधल्या आसेचे दुसरे टोक. पुस्तक उलटले ते याच वाटेने. अवकाशात पाहिले तर संवेगाची दिशा जिथल्या तिथे असते, पुस्तकच तिच्या संदर्भात उलटे होते.

हे चित्र फ्रेंच गणितज्ञ लुई पॉइन्सो याने १८३४ मध्ये भूमितीतून मांडलेल्या विचारातून आले आहे. त्याच्या मुळाशी असलेली समीकरणे त्याआधी अठराव्या शतकात ऑयलरने लिहिली होती.

ही समीकरणे एवढेच सांगत नाहीत की पुस्तक ढळेल. किती वेगाने ढळेल, तेही सांगतात. आपल्या पुस्तकाच्या २००, ४४५, ६३७ या आकड्यांवरून हिशेब केला, तर सुरुवातीचा लहान कल एका पूर्ण गिरकीत सुमारे ४५ पट होतो. हातातून सुटताना अर्ध्या अंशाची चूक झाली असेल, तर एका फेरीनंतर ती वीस अंशांच्या पुढे गेलेली असते. म्हणून कितीही जपून उडवले तरी फारसा उपयोग होत नाही. दहापट अचूक हात कमावला, तर पुस्तक उलटायला फक्त अर्ध्या फेरीच्या जरा वर उशीर होतो. शंभरपट अचूक हाताने एखादी फेरी वाढेल. मला या विषयातला हा सर्वांत विलक्षण भाग वाटतो: इथे काळजी बेरजेने वाढवावी लागत नाही, गुणाकाराने वाढवावी लागते, आणि तरी हाती पडते ती बेरजेइतकीच.

याची मर्यादाही तपासता येते. जाड पुठ्ठ्याचे काही तुकडे एकमेकांवर चिकटवून १५ सेंटिमीटरचा नेमका चौरस करा. आता त्याच्या दोन्ही कडांना समांतर असलेल्या आसांची आघूर्णे सारखी झाली, मधली अशी आस उरलीच नाही. हा चौरस त्याच पद्धतीने उडवला, तर थोडा वाकडा जाईल, पण पुस्तकासारखी झटक्यात कोलांटी घेणार नाही. उलट वस्तू जितकी लांबट आणि अरुंद, तितका कल झपाट्याने वाढतो. रॅकेट पुस्तकापेक्षा सहज उलटते ते त्यामुळेच.

जमिनीवर हे सगळे अर्ध्या-पाऊण सेकंदात उरकते. ते सावकाश आणि पुन्हा पुन्हा दिसले अवकाशात. १९८५ च्या जूनमध्ये व्लादिमीर झानिबेकोव्ह आणि व्हिक्टर साविनिख हे दोन सोव्हिएत अंतराळवीर सल्यूत-७ या बंद पडलेल्या, गोठलेल्या स्थानकावर पोचले आणि त्यांनी ते पुन्हा चालू केले. त्याच मोहिमेत सामान सोडवताना झानिबेकोव्हने बोटाने फिरवलेला एक विंग नट, म्हणजे दोन कान असलेला, हाताने आवळायचा नट, बोल्टवरून सुटून फिरत तरंगू लागला. थोडे अंतर सरळ गेला, मग एकदम उलटला, पुन्हा सरळ फिरत राहिला आणि पुन्हा उलटला. नटाच्या दोन्ही कानांमधून जाणारी दिशा ही सर्वांत लहान आघूर्णाची, कानांच्या सपाट पातळीला काटकोनातली सर्वांत मोठी, आणि ज्या भोकाभोवती तो आट्यांवरून फिरत सुटला, त्या भोकाची आस नेमकी मधली. तो बराच वेळ सरळ दिसतो, कारण ठिपका खिंडीजवळ फार सावकाश सरकतो. तिथून बाहेर पडला, की उरलेली वाट झपाट्याने कापतो आणि समोरच्या खिंडीपाशी पुन्हा मंदावतो. ज्याला अचानक उलटणे म्हणतो, ते वेगाच्या या फरकामुळे तसे दिसते. रशियन साहित्यात आणि बाहेरही हा परिणाम आता झानिबेकोव्हच्याच नावाने ओळखला जातो.

शिखरे आणि दऱ्या दोन्ही सुरक्षित, हे जे वर म्हटले, त्याला एक मोठी अट आहे: वस्तू पूर्ण कडक असली पाहिजे. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ हे १९५८ च्या आरंभी अवकाशात गेला. सुमारे दोन मीटर लांब आणि सोळा सेंटिमीटर जाड अशी ती नळी होती, आणि ती लांब आसेभोवती मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांच्या वेगाने फिरवून सोडली होती. ती आस सर्वांत लहान आघूर्णाची, म्हणजे शिखराची. पण तिच्या अंगाला चार लवचिक अँटेना होत्या. त्या हलताना वाकत आणि प्रत्येक वाकण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाई. संवेग तेवढाच, ऊर्जा मात्र घटत चाललेली. त्यामुळे ठिपका शिखरावरून हळूहळू खाली येत गेला आणि थोड्याच काळात उपग्रह कोलांट्या मारत, सपाट गिरक्या घेऊ लागला, म्हणजे दरीत पोचला. त्यानंतर हे पक्के झाले, की नियंत्रणाशिवाय फिरवत ठेवायचा उपग्रह सर्वांत मोठ्या आघूर्णाच्या आसेभोवतीच फिरवायचा.

नटाचा व्हिडिओ दाखवून पृथ्वीही अशीच एक दिवस उलटेल, असे सांगणारा मजकूर फोनवर येतो. पृथ्वीचा विषुववृत्तापाशी असलेला फुगवटा इतका आहे, की तिथली त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त भरते. त्यामुळे ध्रुवांतून जाणारी आस हीच पृथ्वीची सर्वांत मोठ्या आघूर्णाची आस आहे. ती मधली नाही. पृथ्वी आधीच दरीच्या तळाशी फिरते आहे, आणि भरती-ओहोटीने तिची ऊर्जा झिजते तीही तिला त्या तळापासून हलवत नाही. तसला मजकूर आला, तर पुढे पाठवू नका.