दोन ठप्प्यांच्या मधली वाट

आपल्या शाळेच्या गेटवर एक रजिस्टर आहे. बाहेर जाताना त्यात वेळ लिहून सही करायची आणि परत आलो की पुन्हा सही करायची. बाहेर पडल्याची सही झाली, पण जिथे जायचे तिथे पोहोचल्याची नोंद अजून झालेली नाही, अशा मधल्या वेळात आपण कोणाच्या यादीत असतो? हा प्रश्न मला पेत्रापोल नाक्यावर खऱ्या अर्थाने कळला. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळच्या सुट्टीत आई, बाबा, आजी आणि मी कोलकात्याहून निघालो आणि चालत सीमा ओलांडून बांगलादेशात गेलो. बाबांचे पुण्याच्या कॉलेजातले एक मित्र जशोरला राहतात, त्यांच्याकडे आम्हाला जायचे होते. पायी सीमा ओलांडण्याची पद्धत कशी असते आणि आमचे कुठे चुकले, ते या लेखात सांगतो.

पेत्रापोलला जाणे सोपे आहे. कोलकात्याच्या सियालदा स्टेशनवरून बनगावची लोकल मिळते. अंतर सुमारे 77 किलोमीटर, वेळ साधारण दोन तास. बनगाव स्टेशनबाहेर नाक्यापर्यंत जाणाऱ्या रिक्षा उभ्याच असतात. हा रस्ता म्हणजे जुना जशोर रोड. 1947 पर्यंत बनगाव हे जशोर जिल्ह्यातच होते. रॅडक्लिफने रेषा आखली तेव्हा बनगाव भारतात आले आणि जशोर पलीकडे राहिले. म्हणून आजही कोलकात्यातून निघणाऱ्या रस्त्याला परदेशातल्या गावाचे नाव आहे.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. नेपाळ किंवा भूतानला जाताना भारतीयांना पासपोर्टशिवायही जाता येते, तिथे निवडणूक ओळखपत्र चालते. बांगलादेशासाठी मात्र पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही लागतात, आणि लहान मुलाचाही पासपोर्ट वेगळा असावा लागतो. व्हिसा कोलकात्याच्या बांगलादेश उपउच्चायोगाकडून घ्यायचा. दोन देशांचे संबंध बदलले की व्हिसाचे नियमही बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये. दुसरी गोष्ट म्हणजे व्हिसावरचा पासपोर्ट क्रमांक आणि हातातल्या पासपोर्टचा क्रमांक एकच आहे का ते बघावे. रांगेत आमच्या पुढच्या एका काकांनी नवा पासपोर्ट आणला होता, पण व्हिसा जुन्या पासपोर्टात होता आणि जुना पासपोर्ट घरी होता. त्यांना तिथूनच मागे फिरावे लागले.

पेत्रापोलला 2016 पासून एकात्मिक तपासणी नाका आहे. म्हणजे इमिग्रेशन, कस्टम्स आणि सुरक्षा ही सगळी खाती एकाच आवारात काम करतात. बाहेरून बघताना एकच तपासणी तीनदा होते आहे असे वाटते, पण प्रत्येक टेबलावरचा प्रश्न वेगळा असतो. इमिग्रेशनचा अधिकारी माणूस बघतो: हा पासपोर्ट याच माणसाचा आहे का, आणि याला जाण्याची परवानगी आहे का? कस्टम्सचा अधिकारी सामान बघतो: बॅगेत काय आहे, किती आहे, पैसे किती आहेत? सीमा सुरक्षा दलाचा जवान शेवटच्या फाटकावर उभा असतो आणि तो फक्त एवढेच बघतो, की आधीच्या टेबलांवरचे काम पूर्ण झाले आहे का. टेबलांचा क्रम पुढेमागे होऊ शकतो, पण फाटकावरचा जवान नेहमी शेवटी.

आमची चूक इमिग्रेशनच्या खिडकीवर झाली. गर्दी होती आणि आजीचे गुडघे दुखत होते. बाबांनी तिला मागच्या बाकावर बसवले आणि चारही पासपोर्ट एकावर एक ठेवून खिडकीत दिले. खिडकीवर छोटा कॅमेरा असतो. पासपोर्ट यंत्रावर ठेवला, की त्या माणसाने कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे, मगच ठप्पा. आम्ही तिघे एकामागून एक उभे राहिलो. चौथ्या पासपोर्टचे माणूस समोर नव्हते, म्हणून तो तसाच गठ्ठ्याखाली ठेवला गेला आणि चारही परत मिळाले. बाबांनी ते न उघडता खिशात टाकले.

फाटकावर जवानाने एकेक पासपोर्ट उघडला. तीन झाले. चौथ्यावर तो थांबला आणि म्हणाला, “माताजीका ठप्पा कहाँ है?”

बाबा पुन्हा पाने उलटू लागले. ठप्पा नव्हताच. आम्ही सामानासह मागे फिरलो, आजीला घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिलो आणि तिला कॅमेऱ्यासमोर उभे केले. यात पाऊण तास गेला. मला तेव्हा त्या जवानाचा राग आला होता. पण समजा, त्याने आजीला तशीच जाऊ दिली असती, तर भारताच्या नोंदीत आजी देशातच राहिली असती आणि प्रत्यक्षात ती जशोरला असती. आठ दिवसांनी परत येताना अधिकाऱ्याने विचारले असते, “तुम्ही गेलाच नाहीत, मग येता कुठून?” त्याला उत्तर देणे पाऊण तासात झाले नसते. म्हणून पहिला नियम असा, की पासपोर्ट ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने द्यावा, आणि खिडकी सोडण्यापूर्वी ठप्पा शोधून त्यावरची तारीख वाचावी. इमिग्रेशनच्या कागदांत या नाक्याचे नाव पेत्रापोल नसून हरिदासपूर आहे. ते बघून घाबरू नये, शेजारच्या गावाचे ते नाव आहे.

फाटकापलीकडे थोडेसे चालले की प्रत्यक्ष सीमारेषा येते. इतरत्र आपले काटेरी कुंपण अगदी रेषेवर नसते. 1975 साली दोन्ही देशांनी ठरवलेल्या नियमांप्रमाणे सीमारेषेपासून 150 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 137 मीटरपर्यंत, संरक्षणाचे बांधकाम करायचे नाही. त्यामुळे कुंपण बऱ्याच ठिकाणी मागे घेतलेले आहे आणि कुंपणापलीकडेही भारताची शेते आहेत. नाक्यावर मात्र दोन फाटके समोरासमोर येतात. एकीकडे आपला सीमा सुरक्षा दलाचा जवान, दुसरीकडे बॉर्डर गार्ड बांगलादेशचा. ती काही पावले चालताना मला शाळेचे रजिस्टर आठवले. भारतातून बाहेर पडल्याचा ठप्पा बसला होता, बांगलादेशात आल्याचा अजून बसायचा होता. पलीकडच्या अधिकाऱ्याने नाही म्हटले तर मागे यावे लागते आणि आपल्या बाजूला आधीचा ठप्पा रद्द करून घ्यावा लागतो. म्हणूनच या पट्ट्यात रेंगाळायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, आणि पासपोर्ट बॅगेत न ठेवता हातात ठेवायचा.

पलीकडे बेनापोल. इथे क्रम तोच, पण प्रश्न उलटे. आपल्याकडे विचारतात “का जाता?”, तिथे विचारतात “कोणाकडे उतरणार?” मित्राचे नाव, पूर्ण पत्ता आणि तिथला फोन नंबर बाबांनी कागदावर लिहून आणला होता, त्याचा फार उपयोग झाला. पत्ता फक्त मोबाईलमध्ये असेल तर अडचण होते, कारण आपले सिम सीमेजवळ कधीही बंद पडते. या वेळी आम्ही चौघे वेगवेगळे उभे राहिलो आणि आजीने स्वतःचा ठप्पा स्वतः तपासून मला दाखवला.

इमारतीबाहेर पडताच चार-पाच जण येऊन बॅगेला हात घालतात: कोणी हमाल, कोणी पैसे बदलून देणारा, कोणी गाडीवाला. इथे घाई केली की नुकसान ठरलेले. बाबांनी पुढच्या प्रवासापुरतेच पैसे बदलले. त्यासाठी त्यांनी दोन दुकानांत एकच प्रश्न विचारला, “शंभर रुपयांचे किती टके हातात देणार?” नुसता भाव विचारला तर नंतर कमिशन कापतात. हातात किती, असे विचारले की दोन दुकानांची तुलना करता येते.

दुसरी चूक माझी होती. जशोरला आम्ही रेल्वेने जाणार होतो आणि वेळ सांभाळायचे काम माझ्याकडे होते. गाडी सुटायला माझ्या घड्याळाप्रमाणे अजून पंचवीस मिनिटे होती. स्टेशन जवळ होते, म्हणून मी निश्चिंत होतो. पण बांगलादेशची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. म्हणजे ती गाडी पाच मिनिटांपूर्वीच सुटली होती. आजीचा पाऊण तास आणि माझा अर्धा तास, दोन्ही मिळून गाडी गेली.

मग बसचा शोध सुरू झाला. नाक्याबाहेर दोन प्रकारची लहान वाहने मिळतात. एक म्हणजे व्हॅन: सायकलरिक्षाच, पण मागे बाकाऐवजी लाकडी फळी, तिच्यावर पाय सोडून बसायचे. दुसरी बॅटरीवर चालणारी इजीबाईक. आम्ही सामानामुळे इजीबाईक केली. भाडे बसण्यापूर्वी ठरवायचे आणि ते माणशी आहे की सगळ्यांचे मिळून, हे मोठ्याने विचारून घ्यायचे. बसस्टँडवर जशोरच्या लोकल बस उभ्या होत्या. अंतर सुमारे 38 किलोमीटर. बस वाटेत हात दाखवेल तिथे थांबते, त्यामुळे तासाभराहून जास्त वेळ लागला.

तिथल्या पाट्या बंगालीत असतात आणि आकडेही बंगाली. बंगाली चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो आणि बंगाली सात इंग्रजी नऊसारखा. त्यामुळे चाळीस टक्यांचे भाडे ऐंशी वाटू शकते. कोलकात्यात राहिल्यामुळे आईला हे माहीत होते, म्हणून तिकिटाचे पैसे तिनेच दिले.

परतीची वाट हीच, फक्त एक पायरी जास्त. बांगलादेशातून जमिनीवरून बाहेर पडणाऱ्याला प्रवास-कर भरावा लागतो. पूर्वी तो 500 टके होता, 2023 मध्ये 1000 टके झाला. पावती इमिग्रेशनच्या आधीच हातात लागते, म्हणून सगळे टके खर्च करून नाक्यावर यायचे नाही.

परत येताना भारताच्या खिडकीवर बाबांनी सवयीने चारही पासपोर्ट गोळा करायला हात पुढे केला. आजीने आपला दिला नाही. “माझा मी देते,” ती म्हणाली, आणि गुडघा दाबत कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.