उन्हावर आलेला आळ

सोलापुरातल्या एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय आणि तिची एक शाखा यांच्यात सरळ रेषेत दोन किलोमीटरचं अंतर आहे. केबल टाकायची तर रस्ता खणायच्या परवानग्यांतच वर्ष जाईल, म्हणून दोन्ही इमारतींच्या गच्चीवर लोखंडी खांब उभे केले आणि त्यांवर हातभर रुंदीच्या दोन डिश समोरासमोर बसवल्या. याला वायरलेस लिंक म्हणतात. घरातल्या वायफायचंच हे भावंड, फक्त सगळी ताकद एकाच दिशेला रोखलेली. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा लिंकसाठी स्वतंत्र परवाना लागत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने हा पट्टा आणखी मोकळा केला. तेव्हापासून पतसंस्था, दवाखाने, शाळा, कारखाने अशा अनेकांच्या गच्चीवर या डिश दिसतात.

ही लिंक दोन वर्षं बिनतक्रार चालली. मग एका मे महिन्यात रोज दुपारी बाराच्या पुढे ती रडू लागली. शाखेत स्कॅन केलेली कागदपत्रं मुख्य कार्यालयात पोचेनात, व्हिडिओ कॉलवर शाखेतल्या माणसांचे चेहरे थिजायचे. तीन-साडेतीनला सगळं पुन्हा सुरळीत. उपकरणावरचा हिरवा दिवा मात्र पूर्ण वेळ चालू. सोलापूरचा मे म्हटल्यावर निष्कर्षाला वेळ लागला नाही. "तापतंय हो ते, दुसरं काय," असं शाखाधिकाऱ्यांनी सांगितलं आणि डिशवर पत्र्याची सावली करून घेतली. फरक शून्य.

या निष्कर्षात एक अडचण होती. हवेमुळे सिग्नल खालीवर होण्याची वेळ दुपारची नसतेच. रात्री आणि पहाटे वारा पडतो, जमिनीलगत थंड हवेचा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर साचतो, आणि या थरांतून जाताना रेडिओ लहरी वाकतात. लांब पल्ल्याच्या लिंक पहाटे त्रास देतात त्या यामुळे. भर दुपारी तापलेली जमीन हवा घुसळून काढते, थर राहत नाहीत, म्हणून लहरींना वाट उलट साफ मिळते. शिवाय दोन किलोमीटर इतक्या कमी अंतरावर या सगळ्याचा परिणाम जेमतेमच.

मग उपकरणंच तापत असतील का? हे होतं. सिग्नल वाढवणारा भाग गरम झाला की थोडा मंदावतो. गच्चीवरून खाली येणाऱ्या नेटवर्क केबलच्या तांब्याचा रोधही वाढतो. पंचवीस अंशांवरून पासष्ट अंशांवर गेलं की सुमारे सोळा टक्क्यांनी. केबलचा कनेक्टर आधीच कच्चा असेल तर त्या उन्हात हजार मेगाबिटची जोडणी शंभरवर उतरते आणि वर रेडिओ ठणठणीत असूनही खाली सगळं रांगायला लागतं. पण याच्या खुणा नोंदीत सापडतात. यंत्र मधूनच बंद होऊन चालू झालं असेल तर ते किती वेळ सलग चालू आहे याचा आकडा तुटलेला दिसतो, आणि जोडणीचा वेग बदलला असेल तर त्याचीही नोंद असते. इथे दोन्ही आकडे स्वच्छ होते.

पतसंस्थेने बोलावलेल्या तंत्रज्ञाने गच्चीवर जाण्याआधी आठवडाभराच्या नोंदी घेतल्या. दर मिनिटाला दोन आकडे, आणि तेही दोन्ही टोकांचे. पहिला आकडा समोरून येणाऱ्या सिग्नलची पातळी, दुसरा त्याच चॅनेलवर ऐकू येणारा गोंगाट, म्हणजे नॉइज. दोन्ही डीबीएममध्ये मोजतात. पोचणारी ताकद फार क्षीण असल्याने हे आकडे उणे असतात, आणि उण्याच्या पुढचा आकडा जितका मोठा तितकी ताकद कमी. दर तीन डेसिबलला ताकद निम्मी होते, दर दहाला एक दशांश. गल्लीच्या दोन टोकांना उभे राहून दोघे बोलत असताना मधून वरातीचा बँड जाऊ लागला, तर एकाचा आवाज बसलेला नसतो, तरी दुसऱ्याला काही कळत नाही. बोलणं पोचत नाही याचं कारण बसलेला आवाज की बँड, हे एका आकड्यावरून कधीच ठरत नाही.

आलेख बोलके होते. मुख्य कार्यालयात सकाळी सिग्नल उणे ६१ आणि नॉइज उणे ९२. दुपारी एक वाजता सिग्नल उणे ६२, नॉइज मात्र उणे ७८. उन्हाने एका डेसिबलचा फरक पाडला होता, गोंगाटाने चौदा डेसिबलचा. शाखेच्या टोकाला नॉइज दिवसभर तसाच खाली. म्हणूनच मुख्य कार्यालयाकडून शाखेकडे जाणारी माहिती नीट जात होती, अडत होती ती उलट दिशेची. आणि रविवार? रविवारीही ऊन तेवढंच होतं, पण दुपारचा नॉइज उणे ९१ वरून हलला नाही. रविवारच्या आलेखाने ऊन सुटलं. माझ्या मते दुपारच्या कुठल्याही तक्रारीत सुट्टीचा दिवस आणि ढगाळ दिवस हे दोन साक्षीदार आधी तपासावेत. सावलीच्या पत्र्यापेक्षा ते स्वस्त पडतात.

हिरवा दिवा चालू असताना काम का थांबतं, हे कळायला फेड मार्जिन समजून घ्यावं लागतं. सिग्नल आणि नॉइज यांतलं अंतर जितकं जास्त तितक्या दाट मांडणीत रेडिओ माहिती पाठवतो. सर्वांत वेगवान मांडणीला साधारण २८ डेसिबलचं अंतर लागतं, सर्वांत सावकाश मांडणीला पाचेक डेसिबल पुरतात. गरजेपेक्षा जे जास्तीचं उरतं ते फेड मार्जिन. सकाळी इथे अंतर होतं ३१, म्हणजे पूर्ण वेगासाठी फक्त तीन डेसिबलची शिल्लक. दुपारी अंतर आलं १६ वर. पूर्ण वेगासाठी बारा डेसिबल कमी, पण सर्वांत सावकाश वेगासाठी अजून अकरा जास्त. म्हणून लिंक तुटत नाही, आपणच वेग उतरवत जाते, आणि बँडच्या गोंगाटात हरवलेले तुकडे पुन्हा पुन्हा पाठवत बसते. कंपनीच्या पत्रकात उपकरण किती क्षीण सिग्नल पकडतं याचा आकडा असतो आणि बरेच जण मार्जिनचं गणित त्यावरून मांडतात. तो आकडा शांत हवेतला असतो. नॉइज एका डेसिबलने वर आला की मार्जिन तेवढंच खाली जातं, हे पत्रकात कुठे लिहिलेलं नसतं.

तंत्रज्ञाला खटकला तो वेगळाच आकडा: सकाळचा उणे ६१. कागदावरचा हिशेब असा. रेडिओची ताकद १३, दोन्ही डिशची प्रत्येकी २३, एकूण ५९. दोन किलोमीटरच्या मोकळ्या हवेत ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींचे ११४ डेसिबल गळतात. ५९ वजा ११४, उणे ५५. लिंक बसवणाऱ्याने कंट्रोल बॉक्सच्या दारावर त्या दिवशीचा आकडा मार्करने लिहून ठेवला होता, तोही उणे ५५. म्हणजे दोन वर्षांत कधीतरी सहा डेसिबल गायब झाले होते. वाटेत नवी इमारत किंवा झाड आलं असतं तर असं होऊ शकतं. डोळ्यांना पलीकडची गच्ची दिसून भागत नाही, वाटेच्या मध्यावर रेषेभोवती पाचेक मीटरची जागाही मोकळी लागते. पण ती मोकळीच होती. राहिली दिशा.

अशा डिशचा झोत साधारण दहा अंश रुंद असतो. मध्यापासून पाच अंश सरकलं की तीन डेसिबल जातात, सात अंशांना सहा. हिशेब तंतोतंत बसत होता. मुख्य कार्यालयाच्या गच्चीवर क्लॅम्पचा एक नट हाताने फिरला. मे महिन्यात वळवाच्या वावटळी येतात. त्यातल्याच एखादीने डिश थोडी उजवीकडे वळवली असणार, हा तंत्रज्ञाचा अंदाज. सात अंश म्हणजे समोरच्या इमारतीच्या बाजूला जवळजवळ अडीचशे मीटर.

पुढचा प्रयोग दुपारी एकला केला. शाखेचा रेडिओ पाच मिनिटं बंद ठेवला आणि मुख्य कार्यालयाची डिश हळूहळू फिरवत फक्त नॉइज पाहिला. शाखेच्या दिशेपासून उजवीकडे दहा अंशांवर तो सर्वांत जास्त होता. त्या रेषेत, शाखेच्या थोडं पुढे, एका कोचिंग क्लासच्या गच्चीवर डिश होती. क्लासची शिकवणी बारा ते तीन दुसऱ्या केंद्रात थेट दाखवली जायची, आणि ती लिंक याच चॅनेलवर होती. असे रेडिओ पाठवायला काही असेल तेव्हाच बोलतात, म्हणून शिकवणी संपली की नॉइज खाली. रविवारी क्लासमध्ये फक्त लेखी परीक्षा. दोन वर्षं हे शेजारी होतेच, पण डिश नीट बसलेली असताना ते झोताच्या कडेला पडत होते. ती सात अंश वळल्यावर शाखा तिच्या मध्यापासून सात अंश दूर गेली आणि क्लास फक्त तीन अंश राहिला. पतसंस्थेची डिश आपल्या शाखेपेक्षा क्लासकडेच जास्त बघत होती.

डिश परत बसवायला दोन माणसं आणि फोन पुरतो. एका वेळी एकाच टोकाची डिश हलवायची, आधी आडवी, मग उभी. प्रत्येक वेळी थोडी हलवून काही सेकंद थांबायचं, कारण पडद्यावरचा आकडा मागून येतो. आडवी फिरवताना मध्ये एक मोठा उंचवटा लागतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे उंचवटे. हे छोटे फसवे असतात: सिग्नल वाढून कमी झालेला दिसतो, माणूस खूश होऊन नट आवळतो आणि पंधरा-वीस डेसिबल गमावून बसतो. म्हणून कागदावरचा आकडा आधी हातात हवा. मोठ्या उंचवट्याच्या दोन्ही कडांना सिग्नल सारखाच उतरेल अशा जागा शोधून बरोबर मध्ये थांबायचं. शेवटी नट आवळतानाही नजर आकड्यावरच हवी, कारण आवळता आवळता डिश सरकते.

त्या दिवशी चारला सिग्नल उणे ५६ झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला नॉइज उणे ७८ ऐवजी उणे ८७ होता, कारण क्लास पुन्हा झोताच्या कडेला गेला होता. अंतर १६ वरून ३१.

उन्हाला मी इथे सोडून दिलं, पण प्रत्येक लिंकवर ते निर्दोष नसतं. साठ किंवा ऐंशी गिगाहर्ट्झच्या उपकरणांचा झोत अंश-दोन अंशांचा, कधी अर्ध्या अंशाचा असतो. तीन मीटर उंच, दोन इंची पाइपाची एक बाजू उन्हात दुसरीपेक्षा दहा अंश सेल्सिअसने जास्त तापली, तर नुसत्या प्रसरणाने पाइपाचं टोक सुमारे ०.४ अंश कलतं. पाच गिगाहर्ट्झच्या दहा अंशी झोताला ते कळतही नाही, पण ऐंशीच्या लिंकला दुपार खरोखर महागात पडते. तिथे आलेखात नॉइज जागेवर राहतो आणि सिग्नल खड्ड्यात जातो, तोही रविवारी सुद्धा.

पतसंस्थेने पुढे क्लासच्या चालकांना फोन केला. विनापरवाना पट्ट्यात कुणाचाच कुणावर हक्क नसतो, तेव्हा भांडायला जागा नव्हती. दोघांनी चॅनेल वाटून घेतले आणि दुपारचा नॉइज उणे ९१ वर आला. उद्या तिसरा कुणी डिश लावू शकतो, म्हणून नॉइज उणे ८२ च्या वर गेला की तंत्रज्ञाला संदेश जाईल अशी सोय आता केली आहे, आणि कंट्रोल बॉक्सच्या दारावर जुन्या आकड्याखाली नवा उणे ५६ तारखेसह लिहिला आहे.